कंबरदुखीचा पंचनामा : पाळी, मणका की मुतखडा?



उसाचे पान पिवळे पडले तर आपण लगेच औषधाच्या दुकानात धावत नाही. जमिनीत लोह कमी पडले आहे की मुळाशी हुमणी लागली आहे, हे बेट उपटून बघतो आणि मगच खिशात हात घालतो. घरातल्या बाईची कंबर दुखू लागली की मात्र ही सारी अक्कल आपण बांधावर ठेवून येतो. कोणी सांगतो मणक्यात गॅप आहे, कोणी म्हणतो मुतखडा असणार. मग तालुक्याला एक्स-रे, जिल्ह्याला एम.आर.आय., कंबरेला पट्टा, खड्याची बाटलीभर पातळ औषधे असा फेरा सुरू होतो. कंबर कोणत्या तारखेला दुखते, एवढा साधा प्रश्न त्या फेऱ्यात बहुतेक वेळा कोणीच विचारत नाही.

आमचे स्पष्ट मत असे, की तारीख विचारल्याशिवाय बाईच्या कंबरदुखीवर पैसा खर्च करू नये. आणि तारीख विचारल्यावर जे दिसेल त्याकडे काणाडोळाही करू नये. पाळीचा विषय पत्रिकेत कशाला, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की दवाखान्याची बिले घरातला सभासदच भरतो आणि फडात, गोठ्यात, चुलीपुढे वाकायचे काम बाईच करते. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

दुखते पोटात, कळते कंबरेत

पाळीत ओटीपोटात दुखते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पुष्कळ बायकांना पोटापेक्षा कंबर जास्त मोडून येते आणि मांड्या भरून येतात. ‘पोटात काही नाही, कंबरच धरलीय’ असे बाई सांगते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की दोष कंबरेतच असला पाहिजे. येथेच पहिली चूक होते.

गर्भाशय म्हणजे स्नायूची जाड पिशवी. गर्भ राहिला नाही की तिचे आतले अस्तर सुटू लागते. सुटताना त्या अस्तरातून प्रोस्टाग्लॅंडिन नावाचे द्रव्य निघते आणि ते पिशवीला आवळायला लावते. पिशवी आवळली की तिच्यातून जाणारा रक्ताचा पुरवठा तेवढ्यापुरता तुटतो आणि कळ उठते. मूठ घट्ट आवळून धरून काम करत राहिले तर हात जसा दुखायला लागतो, तसाच हा प्रकार. ज्या बाईच्या अस्तरात हे द्रव्य जास्त तयार होते तिला जास्त दुखते. ते थोडेफार रक्तातही उतरते, म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी काहींना मळमळते, जुलाब होतात, डोके दुखते. यात नाटक नाही आणि नाजूकपणाही नाही.

आता ही पोटातली कळ कंबरेत आणि मांडीत कशी पोहोचते? गर्भाशयाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा बऱ्याचशा छातीचे शेवटचे मणके आणि कंबरेचा पहिला मणका यांच्या पातळीच्या मज्जातंतूंतून वर जातात. त्याच पातळीला ओटीपोटाची कातडी, कंबर, जांघ आणि मांडीचा वरचा भाग यांच्याही नसा येऊन मिळतात. गर्भाशयाच्या तोंडाकडच्या नसा आणखी खाली, माकडहाडाच्या वरच्या भागाशी जाऊन मिळतात. वजनकाट्यावर दोन गावांच्या गाड्या एकाच रस्त्याने आल्या आणि रोज येणारे गाव एकच असले, तर काट्यावरचा कारकून न बघता त्याच गावाचे नाव लिहून मोकळा होतो. मेंदूचेही तसेच होते. कातडी आणि स्नायूंकडून त्याला रोज निरोप येतात, गर्भाशयाकडून महिन्यातून एकदा येतो. म्हणून तो गर्भाशयाची कळ कंबरेच्या आणि मांडीच्या खात्यावर मांडतो. दुखणे खरे असते, फक्त पत्ता चुकलेला असतो. डॉक्टर मंडळी याला स्थानांतरित वेदना म्हणतात. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, तो याच नियमाने.

या दुखण्याच्या काही खुणा पक्क्या आहेत. ते पाळी येण्याच्या काही तास आधी किंवा पाळीबरोबर सुरू होते, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन-तीन दिवसांत निघून जाते. ते कंबरेच्या खालच्या भागात, मधोमध किंवा दोन्ही बाजूंना, खोलवर आणि ठसठसल्यासारखे असते. मांडीत उतरले तर पुढच्या किंवा आतल्या बाजूला, बहुधा दोन्ही मांड्यांत उतरते, आणि सहसा गुडघ्याच्या खाली जात नाही. बसले, उठले, वाकले म्हणून त्यात फारसा फरक पडत नाही. गरम शेकाने मात्र पडतो. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे पाळी संपली की ते पुढच्या महिन्यापर्यंत पूर्ण गायब होते.

मणक्यातला ‘गॅप’

आपल्या भागात ‘गॅप’ हा शब्द फार झाला आहे. दोन मणक्यांच्या मध्ये एक कुर्चेची गादी असते. साध्या एक्स-रेत ही गादी दिसतच नाही. तेथे दिसते ती दोन मणक्यांमधली मोकळी जागा. वयाने गादी झिजली की ही जागा कमी होते, आणि आपण त्यालाच ‘गॅप आला’ म्हणतो. म्हणजे जागा कमी झाली की तिला गॅप म्हणायचे, असा उलटा हिशेब.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की गादीची झीज किंवा फुगवटा हा केस पिकण्यासारखा प्रकार आहे. कंबरेची काहीही तक्रार नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या शंभरांपैकी सुमारे तीस जणांच्या गादीला फुगवटा दिसला आणि वय वाढेल तसे हे प्रमाण वाढतच गेले. म्हणजे ज्यांना काही दुखत नाही त्यांच्याही रिपोर्टात ‘गॅप’ निघतो. तेव्हा पाळीत कंबर दुखणाऱ्या बाईचा एम.आर.आय. काढला आणि त्यात फुगवटा दिसला, तर दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. कदाचित तो फुगवटा तिच्या दुखण्याशी काही संबंध नसलेला, नुसता शेजारी असेल.

मणक्याचे दुखणे ओळखायचे कसे? साधे स्नायूंचे किंवा मणक्याचे दुखणे कामाशी बांधलेले असते. मोळी उचलली, दिवसभर वाकून खुरपले, की वाढते; आडवे झाले की उतरते. त्याला महिन्याची तारीख ठाऊक नसते. शीर दाबली गेली असेल, ज्याला लोक सायटिका म्हणतात, तर कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने उतरते आणि गुडघ्याच्या खाली, पोटरीत, पावलात, थेट अंगठ्यापर्यंत जाते. ती बहुधा एकाच पायात असते. खोकला, शिंक किंवा शौचाला जोर केला की वीज चमकल्यासारखी उठते. पायाला मुंग्या येतात, एखादा भाग बधिर होतो, चप्पल पायातून निसटते.

घरी एक तपास करता येतो. बाईला पाठीवर उताणे झोपवावे. दुसऱ्याने टाच धरून तिचा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलावा. पाय निम्म्यावर येईपर्यंतच गुडघ्याच्या खाली चमक गेली, तर शीर दाबली गेल्याचा संशय घ्यावा. मांडीच्या मागे नुसता ताण जाणवला, तर तो स्नायूचा ताण समजावा. जोर मात्र लावू नये. दुखले की तेथेच थांबावे. पाळीचे दुखणे असेल तर पाय उचलल्याने ते गुडघ्याखाली चमकत नाही.

मणक्याच्या बाबतीत एका गोष्टीला मात्र वाट बघणे नाही. बसताना जेथे खोगीर लागते त्या जागेची, म्हणजे दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूची आणि गुदद्वाराभोवतीची संवेदना गेली, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. शिरांचा सगळा झुबका दाबला गेल्याची ही लक्षणे आहेत. येथे दोन दिवस शेकत बसले तर पुढे आयुष्यभर लघवीचा आणि पायांचा त्रास राहू शकतो.

मूत्रपिंडाची कळ आणि लघवीचा फसवा रिपोर्ट

मूत्रपिंडे कोठे असतात, हे विचारले तर बहुतेक जण कंबरेच्या अगदी खालच्या भागावर हात ठेवतात. ती त्याहून बरीच वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगडीच्या आडोशाला असतात. म्हणून मूत्रपिंडाचे दुखणे कुशीत, बरगडीच्या खाली आणि बहुधा एकाच बाजूला येते. पाळीचे दुखणे त्याच्या खाली, कंबरपट्ट्याच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना असते. एक हात बरगडीखाली आणि एक हात माकडहाडाच्या वर ठेवून ‘कोठे दुखते, वर की खाली?’ एवढे विचारले तरी निम्मा उलगडा होतो.

मुतखड्याची कळ लाटांसारखी येते. कुशीतून सुरू होऊन पुढे जांघेकडे आणि कधी मांडीच्या आतल्या बाजूला उतरते. मांडीत उतरते म्हणूनच ती पाळीच्या दुखण्याशी गल्लत करते. पण माणसाकडे बघितले तर फरक कळतो. पाळीने दुखणारी बाई पाय पोटाशी घेऊन अंग आखडून पडते. खड्याची कळ आलेला माणूस एका जागी राहू शकत नाही. तो उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, कोणत्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही.

मूत्रपिंडात जंतू गेले असतील तर थंडी वाजून ताप येतो, उलटी होते, लघवीला जळजळ आणि घाई होते, लघवी गढूळ होते, आणि कुशीवर हलका धक्का बसला तरी जीव कळवळतो. पाळीने थंडीताप येत नाही. कंबर दुखते आणि हुडहुडी भरते, अशा वेळी पाळी चालू असो वा नसो, ‘पाळीचेच असेल’ म्हणून घरी ठेवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; आणि दिवस गेलेले असतील तर तासाचाही उशीर करू नये. फडात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि लघवी धरून ठेवणाऱ्या ऊसतोडणीच्या बायकांना हा त्रास जास्त होतो. त्यांच्यासाठी फडाजवळ आडोसा आणि पाणी असावे, ही मागणी म्हणूनच चैनीची नाही.

आता फसव्या रिपोर्टाविषयी. पाळी चालू असताना लघवी तपासायला दिली तर पाळीचे रक्त तिच्यात मिसळते. रिपोर्टात ‘लाल पेशी भरपूर’ असे येते आणि तेवढ्यावरून खडा ठरवला जातो. तातडी नसेल तर पाळी संपून दोन-तीन दिवस झाल्यावर लघवी द्यावी. तातडी असेल तर द्यावीच. पण ‘पाळी चालू आहे’ हे बाटली देतानाच सांगावे आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावे. लाजेपोटी न बोलल्याने खड्याची औषधे महिनोन्‌महिने चालू राहिलेली आम्ही पाहिली आहेत.

एका घरातला हिशेब

आमच्या परिचयाच्या एका सभासदाच्या सुनेचे उदाहरण सांगतो. गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही. वय बत्तीस, दोन मुले, शेतात आणि गोठ्यात दोन्हीकडे काम. तक्रार अशी, की कंबर आणि दोन्ही मांड्या ‘सारख्याच’ दुखतात. आधी एक्स-रे झाला आणि गॅप निघाला; पट्टा आला, वजन उचलायचे बंद झाले. पट्ट्याने उतार पडेना, तेव्हा लघवी तपासली. त्यात रक्त निघाले, म्हणून खड्याचे औषध चालू झाले. सोनोग्राफीत मात्र खडा दिसला नाही. लहान असेल, दिसत नसेल, अशी समजूत घालून औषध चालूच राहिले.

उपकेंद्रातल्या सिस्टरांनी तिला एकच काम सांगितले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी आली त्या तारखेला गोल करायचा, आणि कंबर दुखेल त्या प्रत्येक दिवशी फुली मारायची. फार दुखले तर दोन फुल्या. पहिल्या महिन्यात पाळी ६ तारखेला आली. फुल्या ५, ६, ७ आणि ८ तारखेला, त्यांपैकी ६ ला दोन. याशिवाय १९ तारखेला एक फुली होती. त्या दिवशी कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. दुसऱ्या महिन्यात पाळी ४ तारखेला, फुल्या ४, ५ आणि ६ ला. तिसऱ्या महिन्यात पाळी २ ला, फुल्या २, ३ आणि ४ ला. बाकीचे दिवस कोरे.

‘सारखी’ दुखणारी कंबर तीन महिन्यांत अकरा दिवस दुखली होती. त्यातले दहा दिवस पाळीभोवतीचे आणि एक दिवस पेंढ्यांचा. ज्या लघवीत रक्त निघाले ती पाळीच्या दुसऱ्या दिवशी दिलेली होती, हेही तारीख ताडून बघितल्यावर कळले. डॉक्टरांनी लघवी पुन्हा तपासली, ती स्वच्छ निघाली. पाय उचलून बघितला, गुडघ्याखाली काही चमकले नाही. पट्टा सुटला, खड्याचे औषध थांबले, आणि पाळीच्या पहिल्या दोन दिवसांपुरती गोळी व शेक एवढ्यावर काम भागू लागले.

गोष्ट येथेच संपती तर आम्ही ती सांगितली नसती. पाचव्या महिन्यात, पाळी होऊन बारा दिवस झाले असताना, तिला उजव्या कुशीत दुखू लागले आणि संध्याकाळी हुडहुडी भरली. सासूबाई म्हणाल्या, ‘तुझं नेहमीचंच हाय, शेक घे.’ ती म्हणाली, ‘आत्या, ही तारीख न्हवं. आन दुखतंय बी वर, एकाच अंगाला.’ रात्रीच डॉक्टरांकडे नेले. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला होता. औषध वेळेवर सुरू झाल्याने चार दिवसांत ती उठून बसली. ज्या कॅलेंडरने तीन महिने खोटा खडा खोडून काढला, त्यानेच खरे मूत्रपिंडाचे दुखणे ओळखून दिले. आम्हांला त्याची किंमत वाटते ती यासाठी.

पाळीचे आहे म्हणजे साधे आहे, असेही नाही

तारीख जुळली म्हणून सगळे आलबेल, असे मात्र समजू नये. तरुणपणापासून तसेच दुखते, दोन-तीन दिवसांत थांबते, गोळीने उतरते, ते साधे. पण पूर्वी दुखत नव्हते आणि तिशीनंतर नव्याने सुरू झाले. दरवर्षी वाढत चालले. पाळीच्या चार-पाच दिवस आधीपासून सुरू होऊन नंतरही रेंगाळते. पाळीत शौचाला किंवा नवराबायकोच्या संबंधाच्या वेळी खोलवर दुखते. रक्तस्राव फार होतो. मूल राहत नाही. यातले काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर किंवा पिशवीच्या भिंतीत वाढणे, पिशवीत गाठी होणे, अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्यांतल्या काही साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. तेव्हा ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणून बाईला खोटे ठरवू नये. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, तर गर्भ नळीत राहिला असण्याचा धोका असतो. तेथे ताबडतोब रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या टोकाचाही इशारा द्यायला हवा. कंबर दुखते म्हणून ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असा सल्ला आपल्या भागात सहज मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. शासनाने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कंबरदुखी मणक्याची किंवा स्नायूंची असेल तर पिशवी काढून ती जाणार नाही. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर तरुणपणीच पाळी जाण्याची सारी लक्षणे सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणजे कंबरदुखी घालवायला गेलो आणि पुढच्या कंबरदुखीची तजवीज करून आलो, असे व्हायचे. काही आजारांत शस्त्रक्रिया लागते, हे खरे. पण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय कोणत्याही सभासदाने घरातल्या बाईला टेबलावर पाठवू नये.

मग करायचे काय?

साध्या पाळीच्या दुखण्याला ओटीपोटावर आणि कंबरेवर गरम पाण्याची पिशवी हा चांगला उपाय आहे. चटका बसणार नाही एवढे पाणी गरम असावे आणि मध्ये फडके असावे. गोळ्यांत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणेच कमी करतात, म्हणून त्या दुखणे चढून बसल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेल्या बऱ्या. आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी, खाल्ल्यानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, दोन-तीन दिवस, असे साधारण प्रमाण आहे. पोटात व्रण, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : उन्हात घाम गाळून, पाणी न पिता या गोळ्या रोज खाल्ल्या तर त्या मूत्रपिंडालाच इजा करतात. रोज गोळी खाऊन कोयता चालवणाऱ्या बायकांना हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तोडणीला आलेल्या टोळ्यांच्या मुकादमांनीही हे आपल्या लोकांच्या कानावर घालावे.

सभासदांकडून आमची अपेक्षा फार नाही. उसाच्या लागणीची तारीख, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आपण वहीत टिपून ठेवतो. घरातल्या बाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल आणि फुल्या मारल्या तर त्याला हसू नये, आणि पोरांनाही हसू देऊ नये. तीन महिन्यांच्या त्या फुल्या घेऊन डॉक्टरांकडे जावे. जे डॉक्टर तो कागद बघतील आणि हाताने तपासतील, त्यांच्या सल्ल्यावर पुढचा खर्च करावा. बाकी हुडहुडी भरली, पाय लुळा पडू लागला, लघवी तुंबली किंवा पाळी चुकून जोराची कळ आली, तर कॅलेंडर भिंतीवरच राहू द्यावे आणि आधी गाडी काढावी.